पाणी घातलं आणि दूध घट्ट झालं

मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या ऑडिटच्या धंद्यातली लगीनघाई. वर्षाचे निकाल 30 मेपर्यंत शेअर बाजारात पोचवायचे असतात, आणि कंपन्या मात्र अगदी काठावर येईपर्यंत थांबतात. त्या वर्षी पुण्याजवळच्या एका कारखान्याचं काम माझ्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला संचालक मंडळाची बैठक. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, कॉन्फरन्स रूममधला एसी बंद झाला होता, आणि माझी आर्टिकल, म्हणजे माझ्या हाताखाली शिकणारी सीएची विद्यार्थिनी, शेवटच्या काही टिका मारत बसली होती.

"मॅडम, ईपीएसच्या शीटमध्ये व्याज सहा कोटी धरलंय. पण नफातोट्यात याच रोख्यांचं व्याज नऊ कोटी गेलंय. कुठलं बरोबर?"

खरं सांगायचं तर ती शीट मी दुपारीच पाहिली होती आणि "ठीक आहे" म्हणून पुढे गेले होते.

आकडे सोपे करून सांगते. करानंतरचा नफा 60 कोटी, शेअर पाच कोटी. म्हणजे प्रति शेअर कमाई, ज्याला सगळे बेसिक ईपीएस म्हणतात, ती 12 रुपये. पण कंपनीच्या डोक्यावर दोन वायदे होते. एक म्हणजे वर्षाच्या सुरुवातीलाच संस्थात्मक गुंतवणूकदारांना विकलेले 100 कोटींचे, तीन वर्षांचे परिवर्तनीय रोखे. रोखेधारकाने मनात आणलं तर 250 रुपयांना एक या भावाने त्यांचे 40 लाख शेअर होणार. दुसरा म्हणजे कर्मचाऱ्यांचे ईसॉप: 40 लाख ऑप्शन, 150 रुपये भावाने शेअर घेण्याचा हक्क, आणि सगळे वापरता येण्याजोगे झालेले. हे वायदे वठले असते तर जुन्या शेअरहोल्डरच्या वाट्याला किती उरलं असतं, तो आकडा म्हणजे डायल्यूटेड ईपीएस. निकालात तो बेसिकच्या खाली छापावा लागतो.

कंपनीच्या शीटमध्ये तो 11.73 आला होता. बाराच्या किंचित खाली, त्यामुळे कुणालाच खटकला नाही.

रोख्यांचा हिशोब असा असतो. ते वर्षाच्या सुरुवातीलाच शेअर झाले असं समजायचं. मग त्यांच्यावर व्याज गेलंच नसतं, म्हणून ते करानंतरचं व्याज नफ्यात परत मिळवायचं आणि भागाकारात 40 लाख शेअर वाढवायचे. शीट बनवणाऱ्याने करारनामा उघडला, त्यात 6 टक्के दिसले, सहा कोटी घेतले, 25 टक्के कर वजा केला आणि साडेचार कोटी मिळवले.

पण हिशोबाच्या पुस्तकात या रोख्यांचे दोन तुकडे असतात. शेअर मिळण्याच्या आशेपोटी गुंतवणूकदार कमी व्याजावर राजी होतो. साधं कर्ज काढलं असतं तर या कंपनीला 10 टक्के पडले असते. त्या दराने मोजलं तर आलेल्या 100 कोटींपैकी कर्ज जेमतेम 90 कोटींचं ठरतं, उरलेले दहा भांडवलात जातात. व्याज मग 90 कोटींवर 10 टक्के, म्हणजे नऊ कोटी. हातात दिलेले सहा, आणि उरलेले तीन कर्जाच्या रकमेवर चढत जातात. नफ्यातून नऊ कोटी वजा झाले असतील, तर परत मिळवायचेही नऊच. करानंतर 6.75 कोटी.

पोरीने आकडा बदलला आणि एंटर दाबलं. ईसॉपचे वाढीव शेअरही धरून डायल्यूटेड ईपीएस 12.14.

आम्ही दोघी स्क्रीनकडे बघत राहिलो. शेअर वाढले आणि प्रत्येकाची कमाईही वाढली! दुधात पाणी घातल्यावर दूध घट्ट व्हावं, तसं. "माझंच काहीतरी चुकलं," म्हणत तिने सूत्र दोनदा तपासलं.

तिचं काही चुकलं नव्हतं. रोख्यांच्या 6.75 कोटींना त्यांच्याच 40 लाख शेअरने भागलं तर प्रत्येक नव्या शेअरमागे 16.88 रुपये येतात. बारा रुपयांच्या सरासरीत जवळजवळ सतरा रुपयांचा गडी घेतला तर सरासरी चढणारच. याला आम्ही अँटी-डायल्युटिव्ह म्हणतो, आणि भारतीय लेखा मानक क्रमांक 33 सांगतं की असं काही डायल्यूटेडच्या हिशोबात धरायचंच नाही, कारण हा आकडा वाईटात वाईट वाटा दाखवण्यासाठी असतो. साडेचार कोटी धरले होते तेव्हा हाच भागाकार 11.25 येत होता. म्हणून रोखे गुपचूप आत शिरले होते.

उरले ईसॉप. इथे मिळवायला व्याज नसतं, पण गंमत वेगळी. सगळ्यांनी ऑप्शन वापरले तर कंपनीकडे 60 कोटी येतील. त्या पैशात वर्षभराच्या सरासरी बाजारभावाने, म्हणजे 200 रुपयांनी, कंपनी 30 लाख शेअर परत घेईल असं मानायचं. फुकट वाटल्यासारखे उरतात ते फक्त 10 लाख. 60 कोटी भागिले 5.10 कोटी, 11.76. हाच अंतिम आकडा.

दहा वाजता सीएफओ साहेबांना खाली बोलावलं. ते वैतागले, आणि त्यात त्यांचं फार चुकलं असं मला वाटत नाही. "11.73 चे 11.76. तीन पैशांसाठी? आणि तेही आमच्या फायद्याचे?"

मी म्हटलं, "साहेब, पैशांचं सोडा. आता रोखे या आकड्यात कुठेच नाहीत. वाचणाऱ्याला वाटेल, वायदा फक्त 10 लाख शेअरचा आहे."

हेच मला त्या रात्री पहिल्यांदा नीट उमगलं होतं. हा आकडा सावध आहे असं समजून लोक त्यावर विसंबतात, पण रोखे आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे हे त्या वर्षीच्या नफ्यावर ठरतं. याच कंपनीचा नफा 90 कोटी असता तर बेसिक 18, ईसॉप धरून 17.65, आणि मग 16.88 चे रोखे आत येऊन आकडा 17.59 वर गेला असता. कमाई बरी झाली की वाटेकरी दिसू लागतात. बेताची असते तेव्हा ते पडद्याआड असतात. शिवाय प्रत्यक्षात कंपनी बाजारातून 30 लाख शेअर विकत घेणार नसतेच. सगळे वायदे वठले तर शेअर 5.80 कोटी होतात. आज ज्याच्याकडे एक टक्का आहे, त्याच्याकडे 0.86 टक्के उरतो.

त्यासाठीच मानकात एक तळटीप सक्तीची आहे: आज हिशोबाबाहेर ठेवलेलं, पण पुढे वाटा कमी करू शकेल असं जे काही आहे, ते लिहा. त्यांच्या मसुद्यात ती टीप नव्हती. असायचं कारणही नव्हतं, कारण त्यांच्या मते रोखे आतच होते.

साहेबांनी थोडी घासाघीस केली. "पुढच्या वर्षी घालू" झालं, "बोर्ड प्रश्न विचारेल" झालं. मग स्वतःच खुर्ची ओढून बसले आणि मजकूर सांगू लागले. 40 लाख हा आकडा त्यांनी अक्षरी नको, अंकी लिहा म्हणून सांगितलं. तेवढं चाललं.

ते वर गेल्यावर पोरीने हळूच विचारलं, "मॅडम, त्या ईसॉपमध्ये साहेबांचे किती?"

"दोन लाख. यादी तुझ्याच फाइलमध्ये आहे."

तिने फाइल उघडून पाहिलं, आणि 11.76 समोर हिरवी टिक मारली.