जुनं सीएनसी की नवं: बावीस लाखांच्या हिशोबात मी कुठं कुठं अडकलो

आमचं शिरोलीत छोटं जॉबवर्कचं शेड आहे, पंप आणि व्हॉल्वच्या कास्टिंगचं टर्निंग करतो. गेल्या वर्षी एक सीएनसी लेथ वाढवायचं ठरलं आणि घरात दोन पार्ट्या पडल्या. अण्णांचं म्हणणं, सेकंडहँड घ्या, दहा लाखांत मिळतंय, मी म्हणत होतो नवं घेऊ, बावीस लाखांचं (जीएसटी सोडून, तो क्रेडिटमध्ये परत मिळतो म्हणून हिशोबात धरलाच नाही).

जुनं मशीन बघायला गेलो तेव्हा अण्णांनी खिशातून डायल गेज काढला, टरेटला लावला, एक्स अ‍ॅक्सिस थोडा पुढं नेऊन परत मागं आणला आणि काट्याकडं बघून नुसते हसले. बॉलस्क्रू झिजून ढिला झाला होता, त्यात बॅकलॅश होता. म्हणजे दोन वर्षं चालेल, मग बॉलस्क्रू, मग बेअरिंग, मग ड्राइव्ह, असा खर्च लागणार हे दोघांनाही कळलं. तरी अण्णा म्हणाले घेऊया, कारण त्यांचा प्रश्न एकच असतो, "पैसे कधी सुटणार?"

तर मी शीट करायला बसलो. पाच वर्षं धरली. सगळे खर्च आणि टॅक्स जाऊन हातात उरणारी रक्कम काढली. जुन्या मशीनला लाखांत ४.५, ४, ३.५, २ आणि शेवटच्या वर्षी भंगार धरून १.५. मेंटेनन्स वाढत जाणार म्हणून उतरती. नव्याला ५, ६, ७, ७ आणि पाचव्या वर्षी ७ अधिक विकून येणारे ४, म्हणजे ११.

इथं पहिली चूक केली. मी खर्चात डेप्रिसिएशन, म्हणजे मशीनची दरवर्षी कागदावर घटणारी किंमत, पण धरलं आणि बँकेचं व्याज पण. चुलत बहीण सीए आहे, तिला शीट पाठवली तर तिचा लगेच फोन, "अरे डेप्रिसिएशनचे पैसे तू कुणाला दिलेस? ते फक्त टॅक्स काढताना धर, मशीनरीला १५ टक्के, मग परत मिळव. आणि व्याज तर बारा टक्क्यांच्या डिस्काउंटमध्ये आलंच की, दोनदा कापू नको." बारा टक्के कुठून आले तर, चौदा लाख लोन साडेदहाने आणि आठ लाख घरचे, त्यावर मला पंधरा तरी सुटायला पाहिजेत, दोन्हीची सरासरी साधारण बारा पडते. व्याजावरची टॅक्सची बचत मी मुद्दाम सोडून दिली, थोडं कडक बघितलेलं बरं.

आता निकाल. पेबॅक, म्हणजे घातलेले पैसे सुटायला लागणारा वेळ, जुन्याचा दोन वर्षं पाच महिने, नव्याचा तीन वर्षं सात महिने. आयआरआर, म्हणजे अडकलेल्या पैशावर दरसाल सुटणारे टक्के, जुन्याचा २०.७ टक्के, नव्याचा १६.६. अण्णांनी दोन्ही आकडे बघितले आणि म्हणाले "संपलं की मग." पण एनपीव्ही, म्हणजे पुढच्या वर्षांचे पैसे बारा टक्क्यांनी डिस्काउंट करून आजच्या किमतीत आणले आणि त्यातून मशीनची किंमत वजा केली की उरतं ते, उलटा आला, जुन्याचा १.८२ लाख आणि नव्याचा २.९२ लाख.

खरं तर पहिल्यांदा मला १.६३ आणि २.६१ आले होते, तेही चुकून. एक्सेलचं NPV फंक्शन पहिला आकडा एक वर्षानंतरचा धरतं आणि मी मशीनची किंमत पण त्याच रेंजमध्ये टाकली होती, म्हणजे आज देणारे बावीस लाख पण डिस्काउंट होऊन गेले. किंमत बाहेर ठेवायची असते. IRR ला मात्र सगळी रेंज लागते. B2 मध्ये उणे २२ आहे असं धरून:

```
=NPV(12%,B3:B7)+B2
=IRR(B2:B7)
```

आता दोन मापं एकीकडं आणि एक दुसरीकडं, मग ऐकायचं कुणाचं? दोन दिवस मी यातच गोल फिरत होतो. त्या सीए ताईने एक साधी गोष्ट करायला लावली, नव्यातून जुनं वजा कर. म्हणजे जास्तीचे बारा लाख घातले तर दरवर्षी जास्तीचं काय मिळतं ते: ०.५, २, ३.५, ५ आणि ९.५. याचा आयआरआर आला १४.६ टक्के. तेव्हा डोक्यात उजेड पडला, कारण २०.७ टक्के दहा लाखांवर आहेत आणि १६.६ बावीस लाखांवर, आणि उरलेल्या बारा लाखांना आमच्याकडं २०.७ टक्क्यांचं दुसरं कुठलंच काम नव्हतं, ते नाही घातले तर फक्त लोन तेवढं कमी झालं असतं. बारा टक्क्यांनी पैसा आणून १४.६ मिळत असतील तर घालायला हरकत नाही. पण हाच पैसा पंधरा टक्क्यांनी पडला तर गणित फिरतं, जुनं १.१३ आणि नवं ०.९६. मी करून बघितलं. म्हणजे ज्याला प्रायव्हेट फायनान्सकडून महाग पैसा घ्यावा लागतो त्याच्यासाठी अण्णांचंच उत्तर बरोबर, मशीन तेच, पार्टी तीच असली तरी.

अण्णांना ही शीट दाखवली तर त्यांनी टक्के वगैरे काही वाचलं नाही, बोट सरळ पाचव्या वर्षाच्या ११ वर ठेवलं. "हे चार लाख कोण देणार?"

आणि नेमकं तिथंच सगळं अडकलेलं होतं. ते चार लाख शून्य केले तर नव्याचा एनपीव्ही २.९२ वरून ०.६५ वर येतो, म्हणजे जुन्याच्याही खाली. उलटं मोजलं तर मशीन पाच वर्षांनी निदान दोन लाख सहा हजाराला विकलं गेलं तरच नवं जुन्याच्या बरोबरीला येतं. म्हणजे माझा एवढा सगळा एनपीव्ही मी नुसत्या अंदाजाने टाकलेल्या एका आकड्यावर उभा होता, आणि पेबॅकला याची झळच नाही कारण साडेतीन वर्षांनंतरचं तो बघतच नाही. हाच त्याचा दोषही आहे म्हणा, पण अण्णांची भीती खोटी नव्हती, आमची मोठी पार्टी तीन वर्षांपुढची ऑर्डर कधीच बोलत नाही आणि पेमेंट नव्वद दिवसांनी येतं.

मग मी आठवडाभर फक्त भाव काढले. तशाच मॉडेलची पाच-सहा वर्षं चाललेली मशीनं विकणाऱ्या दोन डीलरना विचारलं, खरेदीला नाही, "माझं विकायचं असेल तर काय द्याल" असं. विकत घेताना सांगतात तो भाव आणि आपल्याला देतात तो भाव यात बराच फरक असतो. एकाने साडेतीन सांगितले, दुसऱ्याने स्पिंडल बघून चारपर्यंत. साडेतीन धरले तरी नव्याचा एनपीव्ही २.६४ राहतो. त्यावर अण्णा गप्प बसले, आमच्याकडं याला होकार म्हणतात.

नवं मशीन येऊन आता वर्ष झालं. पहिल्या वर्षी पाच लाखांच्या जागी ४.२ सुटले, दोन महिने ऑपरेटरच टिकला नाही. मी शीटमध्ये आकडा बदलला, विक्री चारच धरून एनपीव्ही २.२१ वर आला, जुन्याच्या वरच. अण्णांना सांगायला गेलो तर ते कॅलेंडरच्या मागं पेन्सिलने लिहीत होते, सतरा लाख ऐंशी हजार बाकी.