वळणावरचा दाब आणि आमची वाटचाल

सांगली परिसरात कृष्णाकाठच्या उपसा सिंचन योजनांसाठी पोलादी पाइप, बेंड आणि पंपघरातील जोडकाम करून देणे हा आमच्या वर्कशॉपचा मूळ व्यवसाय. आरंभीच्या काळात आमच्या दृष्टीने बेंड म्हणजे पाण्याची दिशा बदलणारा एक तुकडा होता. त्याचा कोन बरोबर असावा, वेल्डिंग गळू नये आणि फ्लँज सरळ बसावी, एवढीच ग्राहकाचीही अपेक्षा असे. आज आमच्या कामाचा मोठा भाग त्याच बेंडच्या आतल्या व बाहेरच्या भिंतींवरील दाबांच्या फरकावर उभा आहे. हा बदल कसा झाला, ते येथे मांडतो.

सुरुवात एका स्प्लिट केसिंग पंपापासून झाली. या प्रकारच्या पंपात इंपेलरला, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकाला, दोन्ही बाजूंनी पाणी मिळते आणि त्यामुळे शाफ्टवरचा आडवा रेटा आपोआप समतोल राहतो. एका पाणीपुरवठा संस्थेच्या पंपात मात्र एकाच टोकाचे बेअरिंग वारंवार खराब होत होते. बेअरिंग बदलले, अलाइनमेंट पुन्हा केले, तरी दुखणे त्याच टोकाला परत येई. पंपाच्या सक्शन फ्लँजला एक बेंड थेट जोडलेला होता आणि तो जमिनीला समांतर, म्हणजे शाफ्टच्याच पातळीत, वळवलेला होता. पंपघरात जागा कमी असल्याने मूळ जोडकाम करणाऱ्यांनी तो तसा बसवला होता. वळणातून बाहेर पडणारे पाणी पाइपच्या एका बाजूला जास्त वेगाने आणि दुसऱ्या बाजूला कमी वेगाने चालत असेल, तर इंपेलरच्या दोन तोंडांना सारखे पाणी मिळणार नाही आणि आडवा रेटा समतोल राहणार नाही, हे तर्काने पटत होते. आम्ही बेंड उभ्या पातळीत फिरवला आणि पंपाच्या आधी सरळ पाइपचा तुकडा घातला. आता वेगातील असमानता उरली तरी ती वर-खाली होती, त्यामुळे दोन्ही तोंडांना तिचा वाटा सारखाच येत होता. त्या बेअरिंगची तक्रार थांबली.

मात्र वळणात नेमके काय घडते हे आम्हाला मुळापासून समजून घ्यायचे होते, आणि त्यासाठी पाण्याच्या एका लहानशा भागाचा विचार करावा लागतो. गोफणीतला दगड वर्तुळात फिरत राहतो तो दोरी त्याला सतत आत ओढते म्हणून. पाण्याला अशी दोरी नाही. त्याला केंद्राकडे ढकलणारे काही असेल तर ते शेजारचे पाणीच. म्हणून प्रवाहरेषा वळली की तिच्या बाहेरच्या अंगाला दाब जास्त आणि आतल्या अंगाला कमी असावाच लागतो. हा दाब त्रिज्येच्या दिशेने किती वाढतो याचा नियमही सोपा आहे: dp/dr = ρV²/r, म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले त्या प्रवाहरेषेची वक्रता त्रिज्या. सरळ पाइपमध्ये त्रिज्या अनंत असते, म्हणून तेथे आडव्या दिशेने असा फरक पडत नाही.

आमच्या नेहमीच्या कामातील एक बेंड घेऊ. पाइपचा आतला व्यास २०० मि.मी., वळणाच्या मध्यरेषेची त्रिज्या ३०० मि.मी. आणि पाण्याचा सरासरी वेग सेकंदाला २ मीटर. या बेंडची आतली भिंत केंद्रापासून २०० मि.मी. वर आणि बाहेरची ४०० मि.मी. वर येते. सर्वत्र सरासरी वेग आणि मध्यरेषेची त्रिज्या धरली, तर दोन भिंतींमधील दाबाचा फरक सुमारे २,६७० पास्कल, म्हणजे पाण्याच्या सुमारे २७ सें.मी. उंचीइतका निघतो. साध्या पारदर्शक नळीत डोळ्यांनी वाचता येईल एवढा हा फरक आहे.

पण वेग सर्वत्र सारखा नसतो, आणि खरी समजण्याची गोष्ट येथे आहे. वळणात शिरणारे सगळे पाणी एकाच सरळ पाइपमधून, जवळजवळ सारखीच ऊर्जा घेऊन आलेले असते. त्यातील काही भाग दाबाच्या रूपात असतो, काही वेगाच्या. बाहेरच्या भिंतीकडे दाब वाढला की तेथे वेगासाठी कमी ऊर्जा उरते आणि पाणी मंदावते. आतल्या भिंतीकडे दाब उतरला की वेग वाढतो. दाबाचा वरचा नियम आणि ऊर्जेचा हा हिशेब एकत्र मांडला की वेग आणि त्रिज्या यांचा गुणाकार सर्वत्र सारखा राहतो असे निघते. आपल्या बेंडमध्ये बाहेरची त्रिज्या आतल्या त्रिज्येच्या दुप्पट आहे, म्हणून आतल्या भिंतीजवळचा वेग बाहेरच्याच्या दुप्पट होतो: आत सेकंदाला सुमारे २.९ मीटर, बाहेर सुमारे १.४६ मीटर. या वेगांवरून काढलेला दाबाचा फरक सुमारे ३,१८० पास्कल, म्हणजे पाण्याच्या साधारण ३२ सें.मी. उंचीइतका येतो. अनेकांना, आमच्या जुन्या फिटरनाही, हे उलटे वाटते. वळणावर पाणी बाहेर फेकले जाते, तर बाहेरच ते जास्त जोरात चालत असणार, असे त्यांचे म्हणणे असे. बाहेरच्या भिंतीवर पाणी जास्त रेटते हे खरेच आहे. पण जास्त रेटा आणि जास्त वेग या तेथे एकमेकांच्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टी आहेत.

तरीही त्या फिटरांचे निरीक्षण खोटे नव्हते, कारण त्यांनी पाहिलेली झीज वळणाच्या शेवटी आणि पुढच्या पाइपच्या बाहेरच्या अंगाला असे. वरचा हिशेब वळणाच्या पहिल्या भागात चांगला लागू पडतो, कारण तेथे घर्षणाला आपला परिणाम दाखवायला अजून वेळ मिळालेला नसतो. भिंतींना चिकटून चालणारे पाणी मात्र मुळातच मंद असते. मधल्या वेगवान पाण्याला वळवण्यासाठी जेवढा दाबाचा फरक लागतो, तेवढा या मंद पाण्याला लागत नाही. पण तो फरक त्याच्यावरही पडतोच. परिणामी ते वरच्या व खालच्या भिंतींच्या कडेने आतल्या बाजूकडे ढकलले जाते आणि त्याची जागा भरायला मधले वेगवान पाणी बाहेरच्या बाजूला सरकते. पाइपच्या छेदात असे दोन उलटसुलट भोवरे तयार होतात. बेंड संपेपर्यंत चित्र पालटलेले असते आणि सर्वांत वेगवान पाणी आता बाहेरच्या अंगाला असते. त्या पंपाच्या एका तोंडाला जास्त पाणी मिळत होते ते यामुळे. नदीच्या वळणावर आतल्या काठाला वाळू साठते आणि बाहेरचा काठ कापला जातो, त्यामागे तळाजवळच्या मंद पाण्याचा हाच आतल्या बाजूचा ओघ असतो. अभियंते जेम्स थॉमसन यांनी १८७६ मध्ये नद्यांच्या वळणांबद्दल हेच स्पष्टीकरण मांडले होते. कृष्णेवर पाणी उपसण्याच्या विहिरीसाठी, म्हणजे जॅकवेलसाठी, बाहेरचा काठ पसंत केला जातो याचे एक कारण तेथे दिसते.

हे समजल्यावर आमच्या व्यवसायाला दुसरी दिशा मिळाली. संस्थांना योजनेच्या टोकाला किती पाणी पोहोचते हे मोजायचे असते. पाइपच्या आत ओरिफिस प्लेट, म्हणजे मधोमध भोक असलेली चकती, घातली तर तिने खाल्लेल्या दाबाचे वीजबिल कायमचे भरावे लागते, आणि गढूळ पाण्यात फिरणाऱ्या पात्यांची मीटर लवकर अडकतात. बेंड मात्र लाइनमध्ये आधीच असतो. त्याच्या दोन भिंतींना एकेक छिद्र पाडून दाबाचा फरक वाचला, की प्रवाह कळतो आणि नवा कोणताही अडथळा घालावा लागत नाही. ही पद्धत जुनी आणि सर्वमान्य आहे. आम्ही ती आमच्या भागातील लाइनवर काटेकोरपणे बसवून देऊ लागलो.

नव्वद अंशांच्या बेंडमध्ये ही छिद्रे बरोबर मध्यावर, ४५ अंशांवर, समोरासमोर घेतो. तेथे वळणाचा दाब पूर्ण तयार झालेला असतो आणि भोवऱ्यांनी अजून चित्र बिघडवलेले नसते. छिद्राच्या आतल्या कडेला बर, म्हणजे धातूची उठलेली धारदार कड, राहिली तर वाचन सरळ चुकते, म्हणून ती आतून घासून गुळगुळीत करतो. वितरण कुंडाजवळचा बेंड निवडतो, कारण तेथे लाइनचा दाब कमी असतो आणि दोन्ही छिद्रांना जोडलेली, दाबाचा फरक पाण्याच्या पातळ्यांतील फरकाने दाखवणारी उलटी यू-नळी सुरक्षितपणे वापरता येते. बेंडच्या आधी व्यासाच्या किमान २५ पट आणि नंतर १० पट सरळ पाइप हवा. आपल्या उदाहरणात म्हणजे ५ मीटर आणि २ मीटर.

समजा यू-नळीत २५० मि.मी. फरक दिसला. सरासरी वेगाच्या साध्या सूत्राने प्रवाह सेकंदाला ६०.३ लिटर येतो, तर वेग-त्रिज्या गुणाकाराच्या हिशेबाने ५५.१ लिटर. खऱ्या बेंडमध्ये घर्षण आणि भोवरे असल्याने उत्तर सहसा या दोहोंच्या मध्ये, साध्या सूत्राच्या जवळ पडते. म्हणून आम्ही कोणत्याही सूत्रावर थांबत नाही. कुंड भरून पाहतो. कुंड ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद असेल आणि पाणी ६० सें.मी. चढायला ३१० सेकंद लागले, तर १८,००० लिटर भागिले ३१०, म्हणजे सेकंदाला ५८ लिटर. आता या बेंडपुरता स्थिरांक पक्का झाला: Q = 3.67√h, येथे h मिलिमीटरमध्ये आणि Q लिटर प्रति सेकंद. पुढे नळीत १६० मि.मी. दिसले, की प्रवाह ४६.४ लिटर आहे असे संस्थेचा पंपचालक तक्त्यावरून लगेच सांगू शकतो. भरून न पाहता नुसत्या सूत्राने दिलेल्या आकड्यात सुमारे ४ टक्के चूक धरावी लागते.

या पद्धतीची मर्यादा आम्ही ग्राहकाला आधीच सांगतो. फरक वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, त्यामुळे प्रवाह निम्म्यावर आला की वाचन चौथाईवर येते. पाणी सेकंदाला अर्धा मीटर इतके मंद झाले तर आपल्या बेंडवर जेमतेम १६ ते २० मि.मी. फरक उरतो आणि जोडनळीत अडकलेला हवेचा एक बुडबुडाही तेवढी चूक करू शकतो. म्हणून वाचनाआधी दोन्ही नळ्यांतून पाणी सोडून हवा काढावी लागते, आणि पंप बंद असताना पाइप भरलेला राहत असेल तर दोन्ही पातळ्या सारख्या आहेत ना, हे पाहावे लागते. तुकडे जोडून केलेल्या सेगमेंट बेंडला वरची सूत्रे नीट लागू पडत नाहीत. त्याच्या प्रत्येक सांध्यावर आतल्या भिंतीपासून पाणी सुटते. असा बेंड वापरायचाच असेल तर तो कुंड भरून स्वतंत्रपणे जुळवल्याशिवाय आम्ही तक्ता देत नाही.

अल्ट्रासोनिक मीटर घेणाऱ्या संस्थांनाही आम्ही हीच समज देतो. एका योजनेत ते मीटर बेंडनंतर लगेच बांधलेले होते आणि पाइपभोवती त्याची जागा बदलली की आकडा बदलत होता. मीटरमध्ये दोष नव्हता. वेगवान पाणी एका अंगाला सरकलेले होते आणि ध्वनीचा मार्ग कधी त्यातून जास्त, तर कधी कमी जात होता. मीटर बेंडच्या आधीच्या लांब सरळ भागात हलवल्यावर सर्व बाजूंनी आकडे जुळले. आता पंपापासून पाणी वर नेणाऱ्या नवीन रायझिंग मेनचा आराखडा आमच्याकडे आला, की पहिल्यांदा आम्ही त्यातील वळणे आणि त्यांच्या मागेपुढे उरणारी सरळ लांबी तपासतो, आणि मोजणीसाठी निवडलेला बेंड कारखान्यातूनच ४५ अंशांवर दोन सॉकेट बसवून पाठवतो.