शीर्षकातलं अधिकचं चिन्ह

दिवाळीच्या आधी मी एक व्हिडिओ टाकला होता. आम्ही वाघोलीत राहतो, पाणी टँकरचं आणि बोअरचं, त्यामुळे कमोडमध्ये पांढरट-पिवळा थर बसतो आणि नळांवर मिठासारखे डाग पडतात. थर टॉयलेट क्लीनरने कसा काढायचा आणि टाइल्सच्या फटीतली काळी बुरशी ब्लीचने कशी घालवायची, एवढंच त्यात होतं. शीर्षक मी असं दिलं होतं: «टॉयलेट क्लीनर + ब्लीच: बाथरूम चकाचक, दिवाळी साफसफाई».

मला म्हणायचं होतं «आणि». दोन वेगळ्या जागा, दोन वेगळी कामं.

चौथ्या दिवशी दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या सुनेचा फोन आला. काकू बाथरूममधून खोकत बाहेर आल्या होत्या, डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. मी धावत खाली गेले तर जिन्यातच तो वास आला. पोहण्याच्या तलावाजवळ येतो तसा, पण नाकात टोचणारा. त्यांनी कमोडमध्ये क्लीनर ओतून ठेवलं होतं आणि ते न धुताच वरून ब्लीच ओतलं होतं. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही भेटले की क्लोरीन वायू सुटतो आणि आमच्या बाथरूमएवढ्या बंद जागेत तो लगेच भरतो. काकूंना आम्ही आधी गॅलरीत बसवलं, आत कोणालाही फ्लश करायलासुद्धा जाऊ दिलं नाही, आणि डॉक्टरांकडे नेलं. बरं वाटतंय म्हणून घरी थांबायचं नाही, कारण क्लोरीनमुळे होणारा श्वासाचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. संध्याकाळपर्यंत त्यांना तिथेच ठेवलं, मग सोडलं.

रात्री मी काकूंना विचारलं, व्हिडिओ कसा पाहिला? त्या म्हणाल्या, «अगं, पूर्ण कुठे बघते मी. वर लिहिलं होतं ना, क्लीनर अधिक ब्लीच. मग खाली मिनिटं दिली होतीस, ती बघितली.» ती मिनिटं म्हणजे चॅप्टर. «1:10 कमोडचा थर», त्याच्या लगेच खाली «3:40 ब्लीचचा वापर». प्रत्यक्षात या दोन भागांमध्ये मी कमोड तीन वेळा धुतलं होतं आणि ब्लीचचं काम दुसऱ्या दिवशी केलं होतं. धुण्याचा तो भाग कंटाळवाणा वाटला म्हणून एडिट करताना मीच कापला. वाचणाऱ्याला ती पहिली पायरी आणि दुसरी पायरी वाटली, यात काकूंची काहीच चूक नव्हती.

व्हिडिओ त्याच रात्री प्रायव्हेट केला. यूट्यूबवर त्याच लिंकवर नवी फाइल चढवता येत नाही, म्हणून सुरुवातीला बोलून सांगितलेली सूचना जोडून व्हिडिओ नव्याने टाकायचं ठरवलं. ब्लीचचा भाग पूर्ण काढला. तो वेगळा व्हिडिओ होईल. मग दोन दिवस फक्त शीर्षक, वर्णन, चॅप्टर आणि टॅग यांवर घालवले.

शीर्षकात आधी मी «ब्लीच मिसळू नका» घालून पाहिलं. फोनवर यादीत शीर्षक मध्येच कापलं जातं आणि कापलं गेल्यावर उरलं «टॉयलेट क्लीनर, ब्लीच मिस…». मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि शेवटच नेमका दिसत नाही. शिवाय शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे आणि आपल्या लिपीत काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. «ब्लीच» डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात, मोजणीत पाच होतात. शेवटी ब्लीच हा शब्दच शीर्षकातून काढला: «बोअरच्या पाण्याचा कमोडमधला पांढरा थर कसा काढायचा». ज्या वस्तूचा उपयोग व्हिडिओत नाही, तिचं नाव शीर्षकात नको. थंबनेलवर दोन बाटल्या शेजारी ठेवल्या होत्या, त्यातली एक काढली.

वर्णनाची सुरुवात आधी «सर्वांना नमस्कार, आपल्या चॅनेलवर स्वागत» अशी होती आणि सगळ्यात खाली, लिंकांच्या नंतर, «टीप: योग्य ती काळजी घ्यावी». या टिपेत काहीच नाही. कशाची काळजी, कशापासून? आणि वर्णनाच्या पहिल्या एक-दोन ओळीच न उघडता दिसतात, त्या मी नमस्कारात घालवल्या होत्या. नवीन वर्णन असं सुरू केलं:

```
टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच कधीही एकत्र ओतू नका. विषारी वायू सुटतो.
डोळे चुरचुरले, खोकला आला तर सगळं तसंच टाकून मोकळ्या हवेत या.
धुवायला परत आत जाऊ नका. दम लागला तर 108 ला फोन करा.
```

या तीन ओळी काकूंना वाचायला दिल्या. पहिल्याच ओळीवर त्या थांबल्या. «ब्लीच म्हणजे ते पांढऱ्या कपड्यांचं पाणी ना? आणि पावडर चालते का मग?» हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. ब्लीचिंग पावडरसुद्धा ॲसिडवर पडली तर तोच वायू सुटतो, आणि आमच्या सोसायटीत टाकी धुवायला ती पोत्याने आणतात. म्हणून ओळ बदलली: «टॉयलेट क्लीनर किंवा फरशीचं ॲसिड, आणि ब्लीच (कपड्यांचं लिक्विड किंवा ब्लीचिंग पावडर)». तिच्या खाली बाटलीमागे काय वाचायचं ते लिहिलं, म्हणजे हायड्रोक्लोरिक आणि हायपोक्लोराइट हे दोन शब्द. व्हिनेगरही त्यात घेतलं, कारण तेही आम्लच, ब्लीचबरोबर क्लोरीनच देतं. अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विड ब्लीचमध्ये गेलं तर वेगळे, पण तितकेच त्रासदायक वायू होतात. तेही एका ओळीत.

चॅप्टर ओळखले जायला पहिला 0:00 पासून हवा, किमान तीन हवेत आणि प्रत्येक किमान दहा सेकंदांचा. त्यामुळे सूचना अर्ध्या मिनिटाची केली आणि तिलाच पहिला चॅप्टर दिला.

```
0:00 आधी हे: काय एकत्र ओतायचं नाही
0:35 खिडकी, एक्झॉस्ट, हातमोजे
1:05 क्लीनर ओतून थांबणं
2:20 फ्लश आणि तीन वेळा धुणं
3:10 काम संपलं. आज दुसरं काही ओतू नका
```

शेवटची ओळ आधी नुसती «समाप्त» होती. काकूंचा अपघात नेमका त्या जागी झाला होता, पहिलं काम संपल्यावर आणि दुसरं सुरू करण्याआधी, म्हणून सूचना तिथेही ठेवली.

टॅगांना फार महत्त्व नसतं, चुकीच्या स्पेलिंगने शोधणाऱ्यांसाठीच ते थोडे उपयोगी. मी ॲसिड, अॅसिड, ऍसिड असे तिन्ही टाकले, कारण कीबोर्डनुसार लोक वेगवेगळं टाइप करतात. पण आधीचा «क्लीनर ब्लीच मिक्स» हा टॅग काढून टाकला.

हे सगळं केल्यावरही एक गोष्ट राहते. कोणी व्हिडिओ उतरवून व्हॉट्सॲपवर पाठवला की शीर्षक, वर्णन, चॅप्टर काहीच सोबत जात नाही. टीव्हीवर बघणारे वर्णन सहसा उघडत नाहीत. म्हणून सूचना बोलून आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत, दोन्ही ठेवली, आणि तीन वेळा फ्लश करण्याचा तो भाग या वेळी एकही सेकंद न कापता पूर्ण दाखवला आहे.