कानूची मूठ

श्रावणातल्या शनिवारची दुपार. नागपंचमी दोन दिवसांपूर्वी झालेली, दुसऱ्या दिवशी आमची खान्देशातली देवी कानबाई बसायची. ओसरीवर वहिनी गहू निवडत होती, मी तिला मदत करते आहे असं दाखवत होते. आबा खाटेवर पडून पंख्याकडे बघत होते. एवढ्यात माझी भाची कानू शाळेचा कागद घेऊन आली. त्यावर छापलं होतं, 'माझ्या नावाचा अर्थ व त्यामागची गोष्ट. आजी-आजोबांना विचारून लिहा.' हल्लीच्या शाळा मुलांपेक्षा घरच्यांनाच जास्त अभ्यास देतात हे माझं जुनं मत आहे, पण ते असो.

"आबा, माझ्या नावाचा अर्थ सांगा ना. वर्गात सगळ्यांना वाटतं ते शॉर्ट फॉर्म आहे."

पोरीचं खरंच अवघड आहे. तिच्या वर्गात सगळ्या अन्वी, आर्वी आणि आराध्या. त्यांच्या आयांनी पुस्तकं चाळून, पत्रिका बघून ठेवलेली नावं. कागदावर एका ओळीत मावेल असा अर्थ प्रत्येकीकडे तयार. आणि आमची ही नुसती कानू. जन्मदाखल्यावरसुद्धा कानूच.

आबा उठून बसले. "आठे ये, बठ," म्हणाले. "तुनं नाव मुठनं शे."

कानूला अहिराणी समजते, बोलायला लाजते. "मुठीचं म्हणजे?"

आमच्याकडच्या वाचकांना रोट सांगायला नकोत. पण पुण्यामुंबईला वाढलेली आमचीच पोरं विचारतात म्हणून थोडं सांगते. कानबाईच्या रोटांना, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांना, गहू किलोवर मोजत नाहीत. घरातल्या पुरुषांची नावं घेत, एकेकाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. आधी भरली मूठ, मग वरची पाव. ही पाव मूठ म्हणजे नेमकी किती, यावर आमच्या घरात तीन पिढ्या वाद आहे. माई चार बोटांच्या चिमटीने उचलायची, वहिनी तळहाताच्या खळग्यात घेते. शिवाय मूठ कोणाची हाही प्रश्न आहेच. माईचा पंजा सुपाएवढा होता, तिच्या हातात घरातले पुरुष भरपेट जेवत. वहिनीचा हात नाजूक, त्यामुळे तिच्या काळात सगळेच जरा बारीक झालेत असं मी म्हणते आणि ती मला सूप फेकून मारायचा आव आणते.

मोजलेला गहू दळून आणायचा. गावातला चक्कीवाला त्यासाठी आदल्या दिवशी चक्की धुऊन ठेवतो. मग त्याच पिठाच्या पुरणपोळ्या, सोबत खीर आणि गंगाफळाची भाजी. हे सगळं खायचं फक्त भाऊबंदांनी. बाहेर कणभर द्यायचं नाही आणि पौर्णिमेच्या आत संपवायचं. लग्न होऊन गेलेली लेक माहेरी आली असली तरी तिची पोळी वेगळ्या पिठाची, कारण आता ती दुसऱ्या घरच्या कानबाईची. मी दरवर्षी अशी वेगळी पोळी खाते. चवीला तीच असते. निदान मी तसं म्हणते.

एक गोष्ट राहिली. घरात कोणी गरोदर असेल तर पोटातल्या जिवाचीही सव्वा मूठ टाकतात. मुलगाच होणार असं धरून. इथूनच आबांची गोष्ट सुरू होते.

"छप्पन्यानं साल," आबा म्हणाले आणि पुढचं मराठीत, कानूला लिहिता यावं म्हणून सावकाश सांगू लागले.

संवत १९५६ चा दुष्काळ म्हणून छप्पन्या. १८९९ चा पावसाळा गेला तो गेलाच. तेव्हा जळगाव, धुळे, नंदुरबार असे जिल्हे नव्हते, सगळा एकच खान्देश जिल्हा होता. बोरी नदीत वाळू तेवढी राहिली. खरीप जळलं, रब्बी पेरलीच नाही. आधी बैल गेले, मग गाई. सरकारने दुष्काळी कामं काढली, तिथे रस्त्यासाठी खडी फोडायला माणसं गेली. आमच्या घरातले दोघे भाऊ गेले होते. उन्हाळ्यात कामावर पटकीची साथ आली आणि दोघेही परत आले नाहीत. (आबा कधी दोघे म्हणतात, कधी तिघे. यावेळी दोघे म्हणाले. वहिनीने माझ्याकडे बघितलं, मी गव्हाकडे.)

पुढच्या वर्षी, १९०० साली, पाऊस आला. पण पाऊस आला म्हणून लगेच घरात दाणा येत नाही. श्रावण उजाडला तेव्हा शेतात हिरवं होतं आणि कोठ्या रिकाम्या होत्या. राख लावून ठेवलेलं गव्हाचं बियाणं तेवढं शिल्लक होतं, तेही रब्बीपुरतं जेमतेम. त्यातून रोटांचे गहू काढायचे होते.

घरात मोठी बाई म्हणजे आबांच्या वडिलांची आजी. तिला सगळे मोठमाय म्हणत. मोठमाय सूप घेऊन कोठीपाशी बसली आणि नावं घेऊ लागली. आदल्या साली अकरा पुरुष होते, आता नऊ. नवांच्या सव्वा मुठी, म्हणजे सव्वाअकरा. गेलेल्या दोघांची नावं तोंडात आली आणि तिने ती गिळली, असं आबा म्हणाले. तिथे कानूने पेन्सिल थांबवून विचारलं, "गिळली म्हणजे?" आबांनी उत्तर दिलं नाही.

सूनबाईला तेव्हा पाचवा महिना होता. मोठमायने दहाव्यांदा हात घातला. मोठ्या बाबाने अडवलं. बियाणं आहे ते, म्हणाला, जन्मलेल्यांना पुरेना, न जन्मलेल्याला कुठून? आता सव्वा मूठ गव्हाने काही शेत पडीक राहत नाही. पण त्या साली माणसं दाण्यादाण्याचा हिशेब करत होती, त्यामुळे बाबाचंही चुकलं असं मला म्हणवत नाही. मोठमाय काही बोलली नाही. सव्वा मूठ टाकली, सूप उचललं आणि जात्यावर जाऊन बसली. एकूण साडेबारा मुठी. कानूने हा आकडा कागदावर लिहून खाली रेघ मारली.

मार्गशीर्षात सूनबाई बाळंत झाली. मुलगी.

एरवी एवढ्याने काही झालं नसतं. मुली होत होत्या, वाढत होत्या, मुठीत त्यांचा हिशेब नव्हता आणि कोणी तो मागतही नव्हतं. पण या मुलीची मूठ आधीच पडलेली होती. १९०१ च्या श्रावणात भाऊबंद ओसरीवर जमले तेव्हा कोणीतरी विषय काढला. मुलाची मूठ मुलीला गेली, चूक झाली, यंदा ती कमी करा, देवीचं काही मागे लागायला नको. मोठमाय आतून दारापर्यंत आली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "टाकेल मूठ मागे लेतस का?"

आबा हे वाक्य म्हणताना दरवेळी स्वतःचा पदर सारखा केल्यासारखं करतात. त्यांनी मोठमायला पाहिलेलं नाही, त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी ती गेली. हा अभिनय त्यांच्या वडिलांचा, त्यांनी तो जसाच्या तसा उचलला आहे.

मोठमायचं म्हणणं सरळ होतं. मूठ कानबाईने घेतली, तिला मुलगी द्यावीशी वाटली, तिने दिली. ज्याला तक्रार करायची त्याने नदीवर जाऊन तिच्याकडे करावी. मुलीला तोवर सगळे 'पोरगी' म्हणूनच हाका मारत होते. त्या दिवशी तिचं नाव कानू ठेवलं आणि सुपात तिच्या नावाची सव्वा मूठ पडली.

पुढे कानूचं लग्न एरंडोलकडे झालं. मूठ थांबली नाही. ती दर श्रावणात बैलगाडीने यायची आणि भाऊबंदांच्या पंगतीत, पुरुषांच्या ओळीत शेवटच्या पाटावर बसून रोटांची पोळी खायची. आबांना ती नीट आठवते, त्यांची सख्खी फुई, म्हणजे आत्या. उंच होती, तंबाखू खायची, आणि पोळीवर तूप कमी पडलं तर वाढणाऱ्याचा हात धरून ठेवायची. एकदा लहानग्या आबांनी विचारलं, फुई, बाकीच्या फुया इथे का बसत नाहीत? तर म्हणाली, त्यांना विचार. त्यांना विचारलं तर त्यांनी आबांना पाणी आणायला पिटाळलं.

फुई गेल्यावरही माई एक मूठ जास्तच टाकत राहिली. ती कोणाची हे सांगायची नाही. वहिनी नवी आली तेव्हा तिचा हिशेब जुळेना, पुरुष मोजले तर एक मूठ वर. सासूला विचारायची सोय नव्हती, तिने निमूटपणे तशीच चालू ठेवली. पुढे वहिनीला दिवस गेले. तेव्हा श्रावणात माईने पोटातल्या जिवाची मूठ टाकली आणि मार्गशीर्षात ही चिमुरडी आली. माई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. तिने विचारलं, कोण? मुलगी, म्हटल्यावर म्हणाली, मग नाव शोधत बसू नका.

कानूचा कागद भरून मागच्या बाजूला गेला होता. "म्हणजे सुपात माझी मूठ आहे?"

"शे ना," आबा म्हणाले.

"आणि आधीच्या कानूची?"

आबांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "दोन्ही टाकते. मला कोणी बंद कर म्हणून सांगितलं नाही."

"मग रेवाची? ती पण या घरचीच आहे." रेवा म्हणजे धाकट्या काकाची मुलगी, वय वर्षं तीन, त्यावेळी गव्हाच्या ढिगात खडे शोधण्याच्या नावाखाली खडे टाकत होती. आबा म्हणाले, तिची मूठ पोटात असताना पडली नव्हती. ती एप्रिलची. कानू म्हणाली, हा काय नियम झाला? आबा म्हणाले, नियम नाही, तसं घडलं. कानू म्हणाली, मग आता घडवा. आबा पुन्हा आडवे झाले. ऐकू न येण्याची त्यांची वेळ झाली होती.

वहिनीचं गणित वेगळं. सगळ्या मुलींच्या मुठी धरल्या तर पोळ्या केवढ्या होतील, आणि पौर्णिमेच्या आत त्या संपवणार कोण? निम्मे भाऊबंद सुरतला, उरलेले डाएटवर.

मी तोवर बोटांवर महिने मोजत होते. माझा जन्म आषाढी एकादशीचा. त्या साली कानबाई बसली तेव्हा मी महिन्याची असेन. आधीच्या श्रावणात मी पोटातही नव्हते, आणि या श्रावणात मी मुलगी आहे हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. थोडक्यात, माझ्या बाबतीत कोणाचा अंदाज चुकण्याची संधीच नव्हती.