सह्याद्रीतला पाऊस आणि केदारनाथची गार

गौरीकुंडहून केदारनाथची वाट धरली तेव्हा मे महिन्यातली लख्ख सकाळ होती, आणि आमच्यातल्या सर्वांत तरुण गड्याच्या अंगावर जीन्स आणि सुती टी-शर्ट होता. सामानाची यादी सगळ्यांना आधीच दिलेली होती. लवकर वाळणारी पँट, फ्लीसचा एक थर, कानटोपी, हातमोजे आणि पाणी आत न येऊ देणारं पूर्ण बाह्यांचं जाकीट. त्याने ती वाचली आणि म्हणाला, "काका, भर पावसात राजगड केलाय मी. भिजायची सवय आहे."

"तिथला पाऊस कोमट असतो रे," एवढंच त्याला सांगितलं.

सह्याद्रीत फिरणाऱ्या पुष्कळांचा हा समज असतो, आणि तिथल्यापुरता तो बऱ्याच अंशी खराही आहे. पावसाळ्यातही तिथली हवा फारशी गार नसते, त्यामुळे भिजलेलं अंग चालण्याच्या उबेवर तग धरतं. गौरीकुंड साधारण 2000 मीटरवर आहे आणि केदारनाथ 3500च्या वर. हजार मीटर चढलं की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे नुसत्या चढण्यानेच नऊ-दहा अंशांचा फरक पडतो. वर पाऊस आणि वारा एकदम आले की सुती कपडा घातक ठरतो. तो पाणी धरून ठेवतो, धाग्यांमधली ऊब राखणारी हवा निघून जाते आणि ओलं कापड अंगातली उष्णता ओढत राहतं. जीन्स तर मांडीला चिकटून तासन्‌तास वाळत नाही.

त्यातून त्याने आपली मोठी सॅक खेचरावर पुढे पाठवली. स्वेटर त्यातच होता. हाताशी राहिला तो फक्त पातळ प्लास्टिकचा रेनकोट. सामान पुढे पाठवायला हरकत नाही, पण पावसाचं जाकीट आणि एक कोरडा, उबदार थर आपल्याच पाठीवर हवा, कारण खेचर आपल्यासाठी थांबत नाही.

2013च्या पुरात रामबाड्याची वस्ती वाहून गेली. आता तिथे मंदाकिनीचा पूल ओलांडून पलीकडच्या उतारावरून लिंचोलीला चढावं लागतं. त्या चढावर दुपारी दरीतून ढग वर सरकू लागले आणि घामेजल्या मानेवर अचानक गार वारा लागला. पहाडात वादळाआधी अनेकदा एवढीच सूचना मिळते. आम्ही तिथेच थांबून थर चढवले. पहिला थेंब पडेपर्यंत वाट पाहिली तर आतला कपडा आधीच ओला झालेला असतो. तो मात्र रेनकोट अडकवून चालतच राहिला.

दहा मिनिटांत गारांचा मारा सुरू झाला. वाऱ्याने रेनकोट काखेत फाटला आणि पाणी पाठीवरून जीन्समध्ये उतरलं. पुढच्या वळणावर तो मागे पडलेला दिसला. दात वाजत होते. पाण्याच्या बाटलीचं झाकण त्याच्या बोटांना फिरवता येत नव्हतं, आणि "मी ठीक आहे" हे शब्दही जड जिभेने येत होते. बोटं न वळणं, जीभ अडखळणं, पाय अडखळणं ही शरीराचं तापमान घसरू लागल्याची खूण. अशा वेळी माणसाच्या सांगण्यावर जाऊ नये, त्याच्या हातांकडे पाहावं.

थोडं वर एक शेड होती. वाऱ्याच्या आडोशाला त्याला रिकाम्या सॅकवर बसवलं, कारण ओली फरशीही अंगातली ऊब खेचते. ओले कपडे सगळे उतरवले. त्यांच्यावरून जाकीट चढवून उपयोग नसतो. अंग कोरडं टिपून आमच्याकडचे सुके कपडे, कानटोपी आणि वरून फॉइलचं पातळ पांघरूण दिलं. घोट नीट गिळता येतोय हे पाहून मगच गरम, गोड चहा पाजला. हातपाय चोळले नाहीत, शेकोटीजवळही नेलं नाही. गारठलेली कातडी चटकन भाजते, आणि जोरजोरात चोळल्याने त्वचेला इजा होते. दारूही चालत नाही, कारण तिने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ऊब आणखी निसटते.

अर्ध्या तासाने त्याचं थरथरणं हळूहळू कमी झालं आणि बोलणं स्वच्छ झालं. हे दोन्ही बरोबर घडलं म्हणून आम्ही निश्चिंत झालो. थरथर थांबली पण माणूस गुंगीत, बरळत असेल तर धोका वाढलेला असतो. तेव्हा त्याला चालवायचं नाही, आडवं ठेवून वाटेवरच्या वैद्यकीय मदत केंद्राला कळवायचं.

त्या दिवशी पुढे गेलो नाही, लिंचोलीलाच मुक्काम केला. सकाळी लवकर निघून केदारनाथला पोहोचलो तेव्हा त्याची सॅक मिळाली. तिच्यावर रेन कव्हर नीट चढवलेलं होतं, तरी आतला स्वेटर पिळून काढावा लागला. कव्हर पाठीकडची बाजू उघडीच ठेवतं आणि पट्ट्यांवरून ओघळलेलं पाणी तिथूनच आत शिरतं. आमच्या पिशव्यांत आतून कचऱ्याची जाड काळी पिशवी अस्तरासारखी लावून तिचं तोंड पिळून बांधलेलं होतं, म्हणून त्याला रात्री घालायला सुके कपडे देता आले.