कापलेली चार पानं

“कादंबरीत स्वप्न आलं की मी सरळ पानं उलटतो. तिथे घडत तर काहीच नाही. तुम्ही मात्र नेमके तिथेच अडून बसता. असं काय असतं त्यात?”

पानं उलटणाऱ्यांवर माझा राग नाही. मीही बरीच वर्षं ती उलटली आहेत. माझं त्याहून वाईट होतं, मी ती दुसऱ्यांना कापायला लावायचो. पण ते सावकाश सांगतो, कारण ते सांगणं सोपं नाही.

आधी एक कबुली. बहुतेक कादंबऱ्यांमधली स्वप्नं वगळली तरी काही बिघडत नाही. लांबच लांब बोळ, उघडत नसलेलं दार, दाराआड रडणारं मूल. नायकाला अपराधी वाटतंय हे आपल्याला मागच्याच प्रकरणात कळलेलं असतं, तेच आता धुक्यात गुंडाळून पुन्हा दिलं जातं. लेखकाला वाटतं, विचित्र काहीतरी घातलं की झालं स्वप्न. माझी तक्रार तिथेच आहे. कादंबरीतलं स्वप्न जागेपणाहून वेगळं असतं ते विचित्रपणामुळे नाही.

दोस्तोयेव्स्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’मधलं घोडीचं स्वप्न घ्या. कादंबरी १८६६ची. एका म्हाताऱ्या सावकारणीच्या खुनाचा बेत मनात घोळवणारा रास्कोल्निकोव्ह झुडपात झोपतो आणि त्याला स्वप्न पडतं. (मराठीत स्वप्न ‘पडतं’, आपण ते करत नाही. त्या प्रकरणातलं मूळ रशियन क्रियापदही तसंच आहे: स्वप्न कर्ता, आणि रास्कोल्निकोव्ह ज्याला ते पडलं तो. मराठी वाचकाला ही गोष्ट आयती कळते.) स्वप्नात तो सातेक वर्षांचा आहे, वडिलांचा हात धरून गुत्त्यावरून स्मशानाकडे निघालाय. मोठ्या ओझ्याच्या गाडीला एक मरतुकडी घोडी जुंपलेली. मालक मिकोल्का दारू प्यायलेला, ‘माझा माल आहे’ म्हणत माणसं गाडीत भरतो. घोडीला गाडी हलवता येत नाही. आधी चाबूक, मग गाडीचा दांडा, मग लोखंडी पहार. गर्दीतून कुणीतरी ओरडतं, कुऱ्हाडीने संपव की एकदाची. पोरगं रडत जाऊन मेलेल्या घोडीच्या रक्ताळलेल्या तोंडाचे मुके घेतं, मिकोल्कावर मुठी उगारून धावतं. वडील म्हणतात, दारुडे आहेत, आपल्याला काय करायचंय, चल.

यात अद्भुत असं काय आहे? काहीच नाही. कुणी उडत नाही, घोडी बोलत नाही. क्रम इतका चोख आहे की हाच प्रसंग जागेपणीच्या प्रकरणात ठेवला तरी खपेल. दोस्तोयेव्स्की तर आधीच बजावून ठेवतो की आजारी माणसाची स्वप्नं कमालीची खरी वाटतात आणि त्यांतले तपशील पुश्किन किंवा तुर्गेन्येवसारख्या कलावंतालाही जागेपणी सुचले नसते.

मग फरक कुठे? फरक वाटणीत आहे. जागेपणीच्या कथनात रास्कोल्निकोव्ह एकाच जागी असतो, त्याच्याच डोक्यात. तिथे त्याने मारायचंय आणि म्हातारीने मरायचंय. स्वप्नात तो कुठे आहे सांगा. पोरगा तर तो आहेच. पण जागा झाल्यावर थोड्याच वेळात त्याच्या तोंडून काय निघतं? मी खरंच कुऱ्हाड घेऊन तिच्या डोक्यात घालणार का? म्हणजे पोराच्या अंगातून उठलेला माणूस बोलतो मिकोल्काच्या हातांबद्दल. ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणणारा बापही तोच, कारण पुढे कादंबरीभर तो अधूनमधून नेमका असाच अंग काढून घेतो. एकाच माणसाला तीन ठिकाणी उभं करायची सोय जागेपणीच्या कथनात नसते. तिथे त्याला कोणत्या तरी एका बाजूला उभं राहावं लागतं.

“पण त्याने होतं काय? पुढे खून होतोच ना?” हेही मला नेहमी ऐकवलं जातं. होतो. स्वप्नानंतर त्याला वाटतं आपण सुटलो, मोकळे झालो. मग घरी जाताना तो उगाच वाकडी वाट करून बाजारातून जातो आणि म्हातारीची बहीण लिझावेता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला घरी नसणार, हे त्याच्या कानावर पडतं. तेवढ्याने स्वप्न बाजूला पडतं. म्हणजे कथानकाच्या हिशेबात स्वप्न वायाच गेलं. पण पाचव्या भागाच्या शेवटी कातेरिना इव्हानोव्हना, एका दारुड्याची विधवा, मरते तेव्हा तिच्या शेवटच्या शब्दांत काय येतं? ‘घोडी हाकून हाकून मारली.’ रास्कोल्निकोव्हचं स्वप्न तिला कुणी सांगितलेलं नाही. तरी ती घोडी तिच्या तोंडी येते. मला हे पहिल्या दोन वाचनांत दिसलं नव्हतं, कारण स्वप्नाची पानं मी उलटली होती. उलटणाऱ्याला ते वाक्य म्हणजे एका त्रासलेल्या बाईचा त्रागा वाटतो, तितकंच.

आता माझं प्रकरण.

काही वर्षं मी एका प्रकाशनासाठी हस्तलिखितं वाचायचो. एका लेखिकेची पहिलीच कादंबरी आली. अंथरुणाला खिळलेल्या आईची अकरा वर्षं सेवा करणारी मुलगी. गद्य स्वच्छ, एक शब्द जास्त नाही. मधोमध आई जाते. ती रात्र एका वाक्यात होती: ‘रात्रीचं औषध झालं, तिने दिवा मालवला.’ पुढच्या परिच्छेदात सकाळ आणि आई गेलेली.

त्यानंतर तीसेक पानांनी चार पानांचं स्वप्न होतं. स्वप्नात आई खडखडीत बरी आहे, मुलीच्या चपला घालून घरभर फिरतेय. अंथरुणात मुलगी आहे. आई दारातून विचारते, “औषध घेतलंस?” मुलगी म्हणते, “हो.” गोळी तिच्या मुठीत आहे. आई बाहेर जाते, कडी लागते, आणि अंथरुणात मुलीला हसू फुटतं. इतकं की चादर तोंडात कोंबावी लागते. मग जाग. पुढचं प्रकरण सुरू होतं ते असं: ‘सकाळी तिने आईची खोली झाडून घेतली.’

मी लाल पेन्सिलीने चारही पानांवर तिरकी रेघ मारली. समासात लिहिलं: ‘प्रतीकात्मक. वेग मंदावतो. अनावश्यक.’ तेव्हा हे तीन शेरे मला फार आवडायचे.

ती भेटायला आली. वाद घातला नाही. बराच वेळ पानांकडे बघत बसली आणि मग एवढंच विचारलं, “मग गोळी कुठे ठेवू?”

मला वाटलं ती एका वस्तूबद्दल विचारतेय. मी म्हटलं, “गोळीची काही गरज नाही. ती सुटकेने हसली एवढं वाचक समजून घेईल.” ती म्हणाली, “बरं.” स्वप्न गेलं. पुस्तक आलं. वाचकांची पत्रं यायची, अशी मुलगी प्रत्येकीला मिळो.

काही वर्षांनी एक व्याख्यान तयार करताना मी ते पुस्तक पुन्हा काढलं. ‘रात्रीचं औषध झालं’ या वाक्यापाशी आलो आणि हात थांबला. झालं. कुणी दिलं? दिलं, असं त्या वाक्यात कुठेच म्हटलेलं नाही. इतक्या नेमक्या गद्यात त्या एकाच वाक्यातून कर्ता गायब होता. गोळी तिने स्वप्नात ठेवली होती, मुठीत, आणि मी मूठच कापून टाकली होती.

माझ्या बाजूनेही थोडं बोलतो. स्वप्न तीस पानं उशिरा होतं. एवढ्या अंतरावरून तो धागा जुळवणं कुठल्या वाचकाला जमलं असतं? वाक्य नि स्वप्न जवळ आणा, असं मी सुचवू शकलो असतो, आणि ते रास्त झालं असतं. पण मी तसं सुचवलं नाही. मला धागा दिसलाच नव्हता. तेव्हाचा मी म्हणेल, चार पानांवर कादंबरीचा एवढा भार टाकायचाच कशाला, लेखिकेला सांगायचं होतं तर तिने सरळ सांगावं. त्याला मी एवढंच म्हणेन की सरळ सांगता आलं नसतं. जागेपणीच्या वाक्यामागे निवेदक उभा असतो. ‘तिने औषध दिलं नाही’ लिहिलं की ते घडलं, मुलगी खुनी ठरली. ‘दिलं’ लिहिलं की विषय मिटला. स्वप्नात निवेदक फक्त एकाच गोष्टीची हमी देतो: स्वप्न पडलं. आतल्या गोळीचं तो काही बोलत नाही. कदाचित त्या रात्री मुलीने औषध दिलंच होतं आणि दिलं नसतं तर, हा विचार तिच्या मुठीत राहिला. कदाचित दिलं नव्हतं. या दोन्ही शक्यता एकाच पानावर, एकमेकींना न खोडता राहू शकतात अशी जागा त्या कादंबरीत तेवढीच होती. आणि ते हसू लक्षात घ्या. जागेपणी प्रसंग आणि भावना जोडीने चालतात, आई गेली की रडायचं. स्वप्नात त्यांची जोडी सुटते, त्यामुळे हसू उघडं पडतं आणि ती स्वतःही त्याला आवरायला जागी नसते.

तरी मी पूर्ण माघार घेत नाही. सहा महिन्यांपूर्वी असंच एक हस्तलिखित वाचलं, त्यात सात स्वप्नं होती, आणि सहांवर मी पुन्हा रेघ मारली. सातवं ठेवलं, पण का ठेवलं ते लेखकाला नीट सांगता आलं नाही. ‘इथे काहीतरी आहे’ म्हणालो. हे काय उत्तर झालं?

त्या लेखिकेला मी फोन केला होता. दुसरी आवृत्ती येणार होती, म्हटलं ती चार पानं परत घालू, माझ्याकडे मूळ प्रत आहे. आईला औषध दिलं होतं का, हेही विचारून बसलो. ती हसली. म्हणाली, “जागेपणी लिहायचं असतं तर मला ठरवावं लागलं असतं.” पानं घालायला मात्र तिने नकार दिला.

“आता नको. तिला सगळे चांगली म्हणून ओळखतात.”