चार जीबीत मावणारे गेम

‘हा गेम माझ्या लॅपटॉपवर चालेल का रे?’ असं विचारणारा बहुतेक वेळा मोबाइलवर त्या गेमचा फोटो दाखवत असतो. चित्रं साधी दिसली तर चालेल, झगमगीत दिसली तर नाही, असा त्याचा हिशेब. जुन्या लॅपटॉपवर हा हिशेब हमखास फसतो. होलो नाइट घ्या. हाताने काढल्यासारखी चित्रं, डावीकडून उजवीकडे उड्या मारत जाणारा एक किडा, दिसायला अगदी गरीब गाय. पण तो किमान ४ जीबी रॅम मागतो. उलट पोर्टल २ म्हणजे सगळं त्रिमिती, भिंतींतून आरपार जाणारी भोकं, उडते तुकडे. त्याचं २ जीबीत भागतं. पहिला २०१७चा, दुसरा २०११चा. गेम कसा दिसतो यापेक्षा तो कोणत्या काळातल्या मशीनसाठी बांधला गेला, याला जास्त वजन असतं.

बोलायला एक ठरावीक लॅपटॉप समोर ठेवू. तिसऱ्या पिढीचा आय-५ (३२१०एम), त्यातच असलेलं इंटेल एचडी ग्राफिक्स ४०००, ४ जीबीची एकच रॅम, फिरती हार्ड डिस्क, १३६६ बाय ७६८चा स्क्रीन आणि विंडोज १०. दादाच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला आणि मग धाकट्याच्या वाट्याला आलेला असा लॅपटॉप मुंबईत कितीतरी घरांत निघेल. त्यावर अजून विंडोज ७ असेल तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचा विषय तिथेच संपतो, कारण १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने ७ आणि ८ला राम राम केला आहे.

पहिली चाळणी ग्राफिक्सला गेमची भाषा कळते का, ही. विंडोज आणि आर दाबून `dxdiag` टाइप केलं की एक खिडकी उघडते. पहिल्याच पानावर DirectX 12 असं लिहिलेलं दिसतं आणि माणूस खूश होऊन ती बंद करतो. तो आकडा विंडोजचा आहे, ग्राफिक्सचा नाही. खरं उत्तर Display या पानावर, Feature Levels या ओळीत असतं. एचडी ४०००च्या त्या ओळीची सुरुवात `11_0` पासून होते, आणि डायरेक्टएक्स १२ त्याला कळतच नाही. म्हणजे ज्याला डायरेक्टएक्स १२ लागतंच असा गेम इथे हळू चालण्याचा प्रश्नच येत नाही, तो सुरूच होणार नाही. त्याच्या आधीच्या एचडी ३०००ची धाव तर `10_1` पर्यंतच. सेटिंग कितीही खाली आणली तरी ही भिंत हलत नाही, म्हणून पैसे देण्याआधी ही ओळ वाचायची.

दुसरी चाळणी मेमरीची, आणि बहुतेक गेम इथेच अडकतात. ४ जीबी हा आकडा स्टिकरवर शोभतो. विंडोज १० आणि अँटीव्हायरस मिळून लॅपटॉप नुसता सुरू झाल्यावरच पावणेदोन-दोन जीबी घेऊन बसतात. स्टीमच्या खिडकीच्या पोटात अख्खा ब्राउझर आहे, तो आणखी काहीशे एमबी खातो. उरतो साधारण दीड जीबी. बरं, या ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नाही, त्यामुळे गेमचा हिशेब आणि गेमची चित्रं दोन्ही याच दीड जीबीतून जेवणार. म्हणून आमचा ठोकताळा असा: गेमच्या पानावर ‘किमान’ म्हणून लिहिलेली रॅम आपल्या रॅमच्या निम्मी किंवा त्याहून कमी असली तरच पुढे जायचं. स्टारड्यू व्हॅली आणि सेलेस्ट २ जीबी मागतात, एफटीएल आणि इंटू द ब्रीच १ जीबी. हे बसतात. किमान ४ लिहिलेला गेम सुरू होईलही, पण डिस्कच्या जिवावर.

यावर इंटरनेटवर फिरणारा एक तोडगा सांगितलाच पाहिजे. रजिस्ट्रीत `DedicatedSegmentSize` नावाची नोंद करायची आणि ‘ग्राफिक्स मेमरी ५१२ एमबी करून घ्यायची’. होतं काय, तर गेमने विचारलं की त्याला ५१२ हा आकडा सांगितला जातो. पुरेशी मेमरी नाही म्हणून सुरूच न होणारा एखादा गेम त्याने फसतो आणि उघडतो, तेवढाच फायदा. वेग तसूभरही वाढत नाही. बायोसमध्ये तो आकडा खरोखर वाढवता आला तर उलट नुकसान, कारण तेवढी रॅम विंडोजच्या हातून कायमची जाते. दुसरा उपद्व्याप म्हणजे पेजफाइल, म्हणजे रॅम भरली की विंडोज डिस्कवर जिथे सामान हलवतं ती फाइल, बंद करणे. ती बंद केली की रॅम भरताच गेम हळू होत नाही, थेट बंद पडतो. ती विंडोजवर सोपवलेली बरी.

आता वेगाचं. चित्र रंगवण्यासाठी ग्राफिक्सला सतत रॅमकडे धाव घ्यावी लागते, आणि त्याच वेळी प्रोसेसरही तिथेच उभा असतो. चाळीतल्या एका नळावर दोन बिऱ्हाडांनी एकदम हंडा लावावा, तसं. १६०० वेगाची डीडीआर३ रॅम एकच असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त १२.८ जीबी माल वाहतो. तशीच दुसरी रॅम शेजारच्या खाचेत बसली की ही वाट दुप्पट रुंद होते, २५.६. म्हणून ४ची काढून ८ची एकच घालण्यापेक्षा ४ला जोड म्हणून आणखी एक ४ची घालणं या लॅपटॉपला जास्त मानवतं. टास्क मॅनेजरमध्ये Performance, मग Memory उघडलं की Slots used समोर 1 of 2 दिसतं का पाहा. दिसलं तर लॅमिंग्टन रोडला एक चक्कर टाकणं फायद्याचं. दुकानात ‘भाऊ, लॅपटॉपची चार जीबी डीडीआर थ्री द्या’ एवढ्यावर थांबू नका. आपली रॅम काढून सोबत न्या आणि स्टिकर जुळवा. PC3-12800S आणि PC3L-12800S यांत एका L चा फरक आहे. L असलेली १.३५ व्होल्टवर चालते, नसलेलीला १.५ लागतात. या पिढीतले बरेच लॅपटॉप दोन्ही चालवून घेतात, पुढच्या पिढीतल्या बारीक लॅपटॉपांना मात्र L असलेलीच लागते. चुकीची बसवली तर स्क्रीन काळाच राहतो.

रॅम वाढवायची नसेल तर मागणी कमी करायची. होलो नाइट जड का जातो याचं अर्धं उत्तर मेमरीत आहे आणि उरलेलं त्याच्या धुक्यात. पुढे धुकं, त्यामागे पानं, त्यामागे आणखी धुकं, असे अर्धपारदर्शक थर एकावर एक असतात. त्यामुळे स्क्रीनवरचा तोच ठिपका प्रत्येक फ्रेमला पुन्हा पुन्हा रंगवावा लागतो, आणि प्रत्येक वेळी रॅमची फेरी होते. सेलेस्टमधलं जग ३२० बाय १८०च्या चित्रात रंगवलं जातं आणि मग ताणून मोठं केलं जातं, म्हणून तो या लॅपटॉपवर सहज धावतो. दोन्ही गेम सपाट, दोन्ही उड्या मारण्याचेच.

पोर्टल २ नीट बसवून पाहू. त्याच्या Video सेटिंगमध्ये Anti-aliasing पूर्ण बंद, Shader Detail मध्यम, Multicore Rendering चालू, आणि Paged Pool Memory Available हे Low. मग रिझोल्यूशन. १३६६ बाय ७६८ म्हणजे साडेदहा लाख ठिपके, १०२४ बाय ५७६ म्हणजे सहा लाखांहून थोडे कमी. काम जवळजवळ निम्म्यावर येतं आणि चित्राचं प्रमाण तेच राहतं, कोणी लठ्ठ दिसत नाही. स्टीममध्ये गेमच्या Properties मधल्या Launch Options मध्ये हे लिहिलं की झालं:

```
-w 1024 -h 576 -novid +fps_max 30
```

शेवटचा तुकडा पाहून अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मिळतायत त्या फ्रेम कशाला अडवायच्या? कारण डोळ्याला खुपतो तो चढउतार. ६० हर्ट्झच्या स्क्रीनला दर १६.७ मिलिसेकंदाला चित्र हवं असतं. व्ही-सिंक, म्हणजे गेमचं चित्र स्क्रीनच्या फेरीशी जुळवणारी सेटिंग, चालू आहे आणि एखादं चित्र १८ मिलिसेकंदांत तयार झालं, तर ते पुढच्या फेरीपर्यंत थांबतं आणि ३३व्या मिलिसेकंदाला दिसतं. मग गेम क्षणात ६० तर क्षणात ३० होतो, आणि सरासरी ४५ दिसत असूनही हातात धरल्यावर तो अडखळतो. कायम ३० बरे. सवय पाच मिनिटांत होते.

रिझोल्यूशन खाली आणूनही फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर अडचण ग्राफिक्सची नाही, प्रोसेसरची आहे. मग चित्रं आणखी घाण करण्यात अर्थ नाही. टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सचा आलेख पाहून हे कळलं असतं, पण एचडी ४०००च्या जुन्या ड्रायव्हरमुळे तो तिथे दिसतच नाही, म्हणून ही उलटी परीक्षा. आवाजाकडेही कान द्या. चित्र रेंगाळतंय पण संगीत नीट वाजतंय, तर ग्राफिक्स दमलंय. चित्र गोठलं, आवाज एकाच अक्षरावर ‘टटटटट’ करत अडकला आणि डिस्कचा दिवा पेटलेलाच राहिला, तर रॅम संपली आहे आणि विंडोज डिस्कवर सामान हलवतंय. तिथे सेटिंगपेक्षा क्रोम बंद करणं जास्त उपयोगी. जो गेम जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात मिळतो तो तिथून घेतला तर स्टीमही उघडं ठेवावं लागत नाही, इन्स्टॉलर उतरवून गेम एकटा चालवता येतो.

स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. हे दोन तास कथेत घालवू नका. किमान अर्धा तास सलग खेळा, तोही चार्जर लावून आणि लॅपटॉप गादीवर न ठेवता. कारण पहिली दहा मिनिटं सगळेच गेम गुळगुळीत चालतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपवर असल्यामुळे दोघांना मिळून ३५ वॅटचीच मुभा. मे महिन्यातल्या मुंबईत, पंख्याच्या जाळीत वर्षांची धूळ असताना, चिप तापली की ती आपला वेग आपणच कमी करते आणि विसाव्या मिनिटाला गेम बसतो. जाळी साफ करून घ्याच, आणि Power Options मधल्या advanced यादीत Processor power management खाली Maximum processor state १००ऐवजी ९९ करा. त्या एका टक्क्याने टर्बो बंद होतो. प्रोसेसर ३.१ गिगाहर्ट्झवर उड्या मारायचं सोडून अडीचवर राहतो आणि वाचलेली वीज ग्राफिक्सच्या वाट्याला येते. प्रोसेसरवरच अडलेल्या गेमला मात्र हा उपाय बाधतो.

एवढी खटपट नको असेल तर गेमचा प्रकारच बदला. इंटू द ब्रीच पाळीपाळीने खेळायचा: आठ बाय आठचा पट, तुमची खेळी, मग शत्रूची. सेकंदाला वीस फ्रेम आल्या काय आणि साठ काय, विचार करायला लागणारा वेळ तेवढाच. एफटीएलमध्ये स्पेसबार दाबला की लढाई जागच्या जागी थांबते, हुकूम सोडायचे, पुन्हा स्पेसबार. तोवर चिप गार होते, आणि आईने दळण आणायला हाक मारली तरी जहाज बुडत नाही.